पाटीवरचं अक्षर किती मोठं काढायचं? अंतर मोजा, पाचने गुणा, आणि मग देवनागरीचा हिशोब करा

बोर्ड करायला येणारा माणूस पहिल्यांदा साइज सांगतो. "दहा बाय तीनचा करा." मजकूर नंतर येतो आणि तो बोर्ड कुठून वाचला जाणार हे तर बहुतेक वेळा कोणी बोलतच नाही. मग मजकूर त्या दहा बाय तीनमध्ये बसेल असा ताणून किंवा दाबून बसवला जातो, दुकानात उभं राहून बघितलं की छान दिसतो आणि रस्त्यावरून काहीच कळत नाही. मी बरीच वर्षं बोर्ड करतोय, शाळांचे फळे पण रंगवून दिलेत, आणि माझं स्पष्ट मत आहे की क्रम उलटा पाहिजे. आधी अंतर, अंतरावरून अक्षराची उंची, आणि उंचीवरून बोर्डाची साइज.

आता हे अंतर आणि उंचीचं नातं कुठून येतं ते एकदा समजून घेऊ, म्हणजे आकडा पाठ करायची गरज पडत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो तक्ता असतो ना, त्यात 6/6 च्या ओळीतलं अक्षर 6 मीटरवरून साधारण 8.7 मिलिमीटर उंच असतं. म्हणजे अंतराच्या जवळपास सातशेवा भाग. पण हे नॉर्मल नजरेच्या माणसाला, चांगल्या उजेडात, एका जागी बसून, एकेक अक्षर लक्ष देऊन ओळखता येण्यापुरतं आहे. ज्याची नजर 6/12 आहे त्याला त्याच अंतरावरून दुप्पट, म्हणजे साडेसतरा मिलिमीटरचं अक्षर लागतं, आणि असे लोक आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत, बरेच जण चष्मा न लावता फिरतात.

अजून एक ओळखीचं उदाहरण घ्या. चारचाकीच्या नंबर प्लेटवरची अक्षरं नियमाप्रमाणे 65 मिलिमीटर उंच आणि 10 मिलिमीटर जाड असतात, आणि लायसन्सच्या फॉर्ममध्ये विचारलेलं असतं की चांगल्या उजेडात 25 मीटरवरून नंबर प्लेट ओळखता येते का. गणित केलं तर ते अंतराचा साधारण 385 वा भाग येतं. तिथे माणूस मुद्दाम बघत असतो, ठरावीक इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि आकडे असतात, म्हणून तेवढ्यात भागतं.

आपल्या बोर्डाकडे मात्र माणूस मुद्दाम बघत नसतो. म्हणून मी अंतराचा दोनशेवा भाग धरतो. हिशोब एकदम सोपा, अंतर मीटरमध्ये मोजा, त्याला 5 ने गुणा, आलेली संख्या म्हणजे अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये. 8 मीटरला 40 मिमी, 20 मीटरला 100 मिमी, 75 मीटरला 375 मिमी. फुटात काम करत असाल तर दर 10 फुटाला 15 मिमी. ही उंची 6/12 वाल्याला कशीबशी लागणाऱ्या उंचीच्या पावणेदोन पट आहे. ही वरची रक्कम उधळपट्टी वाटते पण ती कुठे खर्च होते ते आता सांगतो.

उंची कशाची मोजायची

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. इंग्रजी कॅपिटल अक्षर खालपासून वरपर्यंत तेवढंच असतं, पट्टी लावली की उंची मिळाली. आपल्याकडे "पूर्णा" लिहिलं तर खाली उकार, वर रफार, आणि मधे अक्षर. फ्लेक्सवाल्याला "अक्षर 15 इंच पाहिजे" सांगितलं की तो उकाराच्या टोकापासून रफाराच्या टोकापर्यंत 15 इंच करून देतो, आणि प्रत्यक्षात मधलं अक्षर आठ इंच राहतं. वाचणारा माणूस ते मधलं अक्षरच वाचत असतो. म्हणून उंची म्हणजे शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या पायापर्यंत, आणि ती मोजायला "प" घ्या, कारण प सरळ शिरोरेषेपासून पायापर्यंत उभा असतो आणि त्याला वर-खाली काही नसतं.

कॉम्प्युटरवर करताना पॉइंट साइजवर अजिबात विश्वास ठेवू नका. दोन मराठी फॉन्ट सारख्याच पॉइंटला ठेवले तरी त्यांचा प वेगवेगळ्या उंचीचा निघतो. कोरल ड्रॉमध्ये एकटा प टाइप करा, `Ctrl+Q` करून कर्व्ह करा, आणि वरच्या पट्टीत उंची किती मिलिमीटर दाखवतोय ते बघा. ती पाहिजे तेवढी येईपर्यंत मोठा करा, आणि किती टक्के मोठा केला तेवढ्याच टक्क्यांनी बाकीचा मजकूर. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि आता आपल्याकडे मराठी पाटीचा कायदा आहे, 2022 च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. लोक दोन्ही ओळी एकाच पॉइंटला ठेवतात आणि समजतात झालं. पण बहुतेक फॉन्टमध्ये त्याच पॉइंटला मराठीचा प इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटका असतो. म्हणून पट्टीने मोजून प ची उंची कॅपिटलच्या उंचीइतकी तरी करा. कायद्यासाठी करा म्हणतोच, पण त्याहून जास्त यासाठी की तुमचं गिऱ्हाईक मराठीचीच ओळ वाचणार आहे.

आता ती वरची रक्कम. इंग्रजी E बघा, तीन आडव्या रेघा आणि दोन मोकळ्या जागा, म्हणजे उंचीचे पाच भाग, सगळ्यात बारीक गोष्ट पाचव्या भागाएवढी. आता आपला "ब" बघा. त्याचं पोट अक्षराच्या निम्म्या उंचीच्या आसपास, आणि त्या पोटात परत एक तिरपी रेघ. ती रेघ दिसली नाही की ब चा व झाला. आतली मोकळी जागा माझ्या मोजण्यात उंचीच्या सातव्या-आठव्या भागाएवढीच येते, काही फॉन्टमध्ये त्याहून कमी. तसंच प आणि ष. म आणि भ मध्ये, घ आणि ध मध्ये फरक म्हणजे शिरोरेषेपाशी एक छोटीशी फट किंवा गाठ. थ आणि य मध्ये एक वळसा. त्यात द्ध, ट्ट, द्व अशी एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं आली की प्रत्येकाला निम्मीच उंची मिळते. म्हणजे इंग्रजीसाठी पुरणारी उंची मराठीला दीडपट तरी करावी लागते, आणि बाहेरून आलेले जे तक्ते फिरत असतात ते इंग्रजी कॅपिटलसाठी असतात हे लक्षात ठेवा. माझा पाचने गुणायचा हिशोब हे धरून आहे. मजकुरात खाली-वर जोडाक्षरं जास्त असतील तर मी पाचऐवजी सहा-सातने गुणतो, किंवा शक्य असेल तर शब्दच बदलायला सांगतो.

एक खानावळ, पूर्ण हिशोबासकट

तालुक्याच्या गावातून जाणारा दोन पदरी रस्ता, गाड्या 40 च्या स्पीडने जातात, कडेला खानावळ, पुढे थोडं अंगण. नाव समजा "अन्नपूर्णा खानावळ". मालकाला पाहिजे की जाणारी गाडी थांबावी.

पहिला प्रश्न, गाडीवाल्याने किती आधी वाचलं पाहिजे? 40 चा स्पीड म्हणजे सेकंदाला 11 मीटर. बोर्ड दिसून दोन शब्द वाचायला दोन-सव्वादोन सेकंद, त्यात 25 मीटर गेले. "थांबायचं का?" असं बाजूच्याला विचारून आरसा बघेपर्यंत अजून जवळपास दोन सेकंद, ते साधारण 20 मीटर. मग करकचून ब्रेक न मारता आरामात थांबायला 30 मीटर. बेरीज 75 मीटर. याच्या आत पहिल्यांदा वाचलं तर माणूस "अरे गेलं" म्हणतो आणि पुढच्या हॉटेलात जातो. 75 गुणिले 5, म्हणजे 375 मिमी, 15 इंच अक्षर.

पण थांबा, त्याआधी बोर्ड कोणत्या तोंडाने लावायचा ते ठरवा, कारण यावर सगळं अवलंबून आहे. दुकानाच्या कपाळावर, रस्त्याला समांतर लावलेला बोर्ड गाडीवाल्याला समोरून कधीच दिसत नाही, तो तिरपा दिसतो. बोर्ड गाडीच्या वाटेपासून 8 मीटर बाजूला असेल आणि गाडी 75 मीटर मागे असेल तर अक्षराची उंची तेवढीच दिसते पण रुंदी आक्रसून नवव्या-दहाव्या भागावर येते. सगळी अक्षरं एकमेकांना चिकटून नुसते उभे दांडे दिसतात. रुंदी निम्मी दिसेपर्यंत माणूस वाचू शकतो, आणि ती निम्मी होते 16 मीटरवर. म्हणजे भिंतीवरचा बोर्ड कितीही मोठा केला तरी रस्त्यावरून तो 16 मीटरच्या आतच वाचला जातो, आणि त्याला हिशोबाने 80 मिमीचं अक्षर पुरतं. सुरुवातीच्या काळात मी एका गिऱ्हाइकाला भिंतीवर भलीमोठी अक्षरं करून दिली होती, त्याचे पैसे अक्षरश: भिंतीत गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. ते पैसे रस्त्याला काटकोनात उभ्या केलेल्या दोन बाजूंच्या बोर्डाला लागायला पाहिजे होते.

तर आपल्या खानावळीचा बोर्ड अंगणात, स्वतःच्या जागेत, दोन खांबांवर, रस्त्याला काटकोनात. फुटपाथवर किंवा रस्त्यावर येत असेल तर आधी नगरपालिकेत विचारा.

आता 375 चं अक्षर दहा बाय तीन फुटात बसतं का? उंची बघू. मधलं अक्षर 375, वर रफार-मात्रेला साधारण 170, खाली उकाराला 150, एकूण 695. तीन फूट म्हणजे 914, वर-खाली शंभर-शंभर मिमी मोकळं राहतं. ते मोकळं राहिलंच पाहिजे, कडेला चिकटलेलं अक्षर लांबून फ्रेममध्ये मिसळतं. रुंदी बघू. सरासरी एक अक्षर त्याच्या उंचीइतकंच रुंद धरा, काना असलेलं सव्वा-दीडपट, व सारखं पाऊणपट. "अन्नपूर्णा खानावळ" मधल्या जागेसकट उंचीच्या जवळपास नऊपट होतं, म्हणजे 3,350 मिमीच्या वर. बोर्ड 3,048 चा. बसत नाही.

इथे बहुतेक जण अक्षर आडवं दाबतात. ते करू नका, दाबलं की ब-व, भ-म मधल्या फटी पहिल्या मरतात. त्याऐवजी विचार करा की 75 मीटरवरच्या माणसाला काय कळायला हवं. त्याला भूक लागलीये, त्याला "खानावळ" एवढंच कळलं पाहिजे. तो शब्द 375 ने केला तर साधारण 1,575 मिमी रुंद होतो. "अन्नपूर्णा" डावीकडे 200 मिमीच्या अक्षरात, ते 850 रुंद. मधे 200 जागा, दोन्ही कडांना दीडशे-दीडशे, बेरीज 2,925. बसलं. 200 चं अक्षर 40 मीटरवरून वाचता येतं, तोपर्यंत गाडीवाल्याचं थांबायचं ठरलेलं असतं, नाव त्याला खात्री करायला पुरतं. फोन नंबर 50 मिमीचा, तो उभा राहून दहा मीटरवरून फोटो काढणाऱ्यासाठी आहे. आणि "शुद्ध शाकाहारी, घरगुती, पार्सल मिळेल" हे सगळं भिंतीवरच्या बोर्डावर 80 ने टाका, तिथे ते शोभतं.

जाडीचं थोडक्यात. पांढऱ्यावर काळं किंवा गडद असेल तर रेघेची जाडी उंचीच्या सहाव्या ते आठव्या भागाएवढी ठेवा, नंबर प्लेटची पण साडेसहावा भाग आहे. मराठीत मी आठव्याकडे झुकतो, कारण जाड केलं की ध, भ, क्ष ची पोटं बुजतात. रात्री आतून लाइट लागणारी पांढरी अक्षरं असतील तर दहावा भाग आणि दोन अक्षरांमधली जागा जास्त, उजळ अक्षर अंधारात फुगून दिसतं. फुगलंय हे ओळखायची खूण म्हणजे रात्री लांबून बघितलं की शिरोरेषा दिसते आणि तिच्याखाली नुसता उजेडाचा पट्टा.

वर्गातला फळा

हाच हिशोब वर्गात. शेवटच्या बाकावरून फळ्यापर्यंत टेपने मोजा, पावलांनी नको. समजा 8 मीटर आलं. 40 मिमी, म्हणजे दीड इंचाच्या थोडं वर, शिरोरेषेपासून पायापर्यंत. बरेच शिक्षक सुरुवात एवढी करतात आणि तिसऱ्या ओळीपासून अक्षर 25 वर येतं, ते त्यांना कळत पण नाही कारण ते फळ्यापासून हातभर अंतरावर उभे असतात. यावर एकच खात्रीचा उपाय मला सापडलाय, फळा रंगवताना त्यावर फिकट रेघा मारून घ्यायच्या. 40 मधलं अक्षर, 18 वरच्या मात्रेला, 16 खालच्या उकाराला, आणि 25 मोकळी जागा, सगळं मिळून जवळपास 100 मिमी. म्हणजे चार-चार इंचांवर शिरोरेषा, आणि प्रत्येकीखाली 40 वर पायाची अजून फिकट रेघ. मोकळी जागा खाऊ नका, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात आणि मागचं पोर "कु" ला "क" लिहितं.

चार फूट उंच फळ्यावर अशा 12 ओळी होतात. पण खालचा फूटभर भाग पुढच्या पोरांच्या डोक्यांमागे जातो, म्हणून खऱ्या कामाच्या 9 ओळी. धडा त्या हिशोबाने तोडा, नऊ ओळी झाल्या की पुसा किंवा फळ्याचे दोन उभे भाग करून दुसऱ्या भागात जा. गणितात घात आणि अपूर्णांकाचे आकडे लहान काढावे लागतात, ते 8 मीटरसाठी 25 मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. आकड्यांना मात्रा-वेलांट्या नसतात म्हणून तेवढ्यात निभतं, त्याखाली 3 आणि 8 मध्ये गडबड सुरू होते.

खडूने 40 च्या अक्षराला चांगली जाडी मिळते, टोक थोडं घासून बोथट झालेलं असलं की चार-पाच मिमीची रेघ येते. पांढऱ्या बोर्डवर मात्र वेगळी अडचण आहे. साध्या गोल टोकाच्या मार्करची रेघ जेमतेम दोन मिमी, म्हणजे उंचीच्या विसाव्या भागाएवढी. अक्षर मोठं केलं तरी रेघ तीच राहते, 8 मीटरवर काळा रंग करडा दिसायला लागतो, मार्कर सुकत आला की तर संपलंच. चपट्या टोकाचा मार्कर घ्या आणि रुंद बाजूने लिहा. हिरवा, नारंगी फक्त अधोरेखित करायला, लिहायला काळा किंवा निळा.

पुढच्या कोपऱ्यातल्या बाकांचं विसरू नका. तिथून फळ्याचं लांबचं टोक इतकं तिरपं दिसतं की रुंदी निम्म्याहून कमी होते, शिवाय समोरच्या खिडकीचा उजेड फळ्यावर चमकतो. तिथे अक्षर मोठं करून उपयोग नाही, बाक दीड-दोन फूट आत घ्या आणि खिडकीला पडदा लावा.

लावायच्या आधी तपासायचं कसं

स्क्रीनवर लहान करून बघणं ही तपासणी नाही. बोर्डाच्या दहाव्या भागाएवढा प्रिंट काढा आणि दहाव्या भागाच्या अंतरावरून वाचा, कोन तोच राहतो म्हणून निकाल बराचसा खरा येतो. पण तपासायचं अंतर 6 मीटरच्या खाली आणू नका. ज्याला लांबचं कमी दिसतं त्याला जवळचं छान दिसतं, तो दोन मीटरवरून सगळं घडाघडा वाचेल आणि तुम्ही फसाल. 75 मीटरसाठी दहावा भाग म्हणजे साडेसात मीटर, 37.5 मिमीचं अक्षर, "खानावळ" एका ए-फोर कागदावर आडवा मावतो. 20-30 मीटरचं काम असेल तर सरळ खऱ्या साइजचं एक अक्षर कापून भिंतीला चिकटवा आणि चालत मागे जा.

वाचायला असा माणूस बोलवा ज्याला मजकूर माहीत नाही. मालकाला आपल्या दुकानाचं नाव धुक्यात पण वाचता येतं. शक्यतो पन्नाशीच्या पुढचा माणूस घ्या, आणि वेळ संध्याकाळची साडेसहाची, दुपारची नाही.

वर्गात तपासताना ओळखीचं वाक्य लिहू नका, पोरं दोन अक्षरं दिसली की बाकीचं अंदाजाने पुरं करतात. घर-धर, मार-भार, बाट-वाट, पाया-पाथा असे काही अर्थाचे, काही बिनअर्थाचे शब्द उलटसुलट लिहा आणि शेवटच्या बाकावरच्या सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. बहुतेकांचे ब-व आणि भ-म चुकले तर अक्षर किंवा रेघ कमी पडतेय, पाच-पाच मिमीने वाढवत परत करा. एकाच कोपऱ्यातल्या पोरांचं चुकलं तर चमक किंवा तिरपेपणा आहे. आणि शेजारच्यांचं सगळं बरोबर असून एकाच मुलाचं चुकत असेल, तर त्याला आज पुढे बसवा आणि घरी निरोप द्या की डोळे तपासून घ्या.